मुदतीआधी पीजी किंवा हॉस्टेल सोडताय? नोटीस आणि डिपॉझिटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (नागपूर)

इथली माहिती खासगी पीजी आणि खासगी हॉस्टेलसाठी आहे. प्रतापनगर, बजाजनगर, धरमपेठ, हिंगणा रोड, मेडिकल चौक या भागांत बेडप्रमाणे भाडं, सोबत मेस किंवा डबा आणि सुरुवातीला एकरकमी डिपॉझिट अशी जी पद्धत आहे, तीच इथे धरली आहे. कॉलेजच्या स्वतःच्या वसतिगृहाचे नियम वेगळे असतात. त्याबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

नोटीस द्यायच्या आधी काय बघायचं?

प्रवेशाच्या वेळी सही केलेला फॉर्म. बहुतेकांकडे त्याची प्रत नसते, कारण मालक मूळ कागद ठेवून घेतात आणि पोरं घाईत असतात. म्हणून रूम सोडायचा विषय काढण्याआधी, साध्या कारणाने फॉर्म मागून मोबाइलवर फोटो काढा. एकदा "मी जातोय" म्हटलं की फॉर्म सापडत नाही.

फॉर्ममध्ये चार गोष्टी शोधा. नोटीस किती दिवसांची, ती कुठल्या तारखेपासून मोजायची, किमान किती महिने राहण्याची अट आहे आणि डिपॉझिटमधून काय काय कापता येईल. यातली दुसरी ओळ सगळ्यात महाग पडते. "३० दिवसांची नोटीस" आणि "महिन्याच्या १ तारखेपासून एक महिन्याची नोटीस" ही वाक्यं दिसायला सारखी, पण हिशेबात त्यांच्यात हजारो रुपयांचा फरक पडतो. खाली उदाहरणात तो दिसेल.

फॉर्मच नसेल, सगळं तोंडी ठरलं असेल, तर आधीचे मेसेज, जाहिरातीचा फोटो, भिंतीवर लावलेली नियमावली यांतून काय ठरलं होतं ते दाखवता येतं. नियमावलीचाही फोटो काढून ठेवा.

काकूंना तोंडी सांगितलं तर चालत नाही का?

संबंध चांगले असतील तर आधी तोंडी जरूर सांगा. अचानक मेसेज आला की माणूस दुखावतो आणि दुखावलेला माणूस हिशेब कडक करतो. पण त्याच दिवशी लेखी मेसेजही पाठवा. नोटिशीचे दिवस तुम्ही कधी बोललात यावरून नाही, कधी कळवल्याचं दाखवू शकता यावरून मोजले जातात. वॉर्डनला किंवा मेसवाल्या भाऊंना सांगून ठेवणं म्हणजे मालकाला नोटीस नव्हे. ॲपवरून चालणाऱ्या पीजीत नोटीस ॲपमध्येच टाका आणि तिकीट क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या, तिथले मॅनेजर दर तीन महिन्यांनी बदलतात.

मेसेज साधा असावा, पण तारखा त्यात हव्यात:

"नमस्कार काकू, मी रूम नं. २०४, खिडकीजवळचा बेड. पुण्याला नोकरी लागल्यामुळे मला रूम सोडायची आहे. आजची तारीख १० जानेवारी. ही माझी ३० दिवसांची नोटीस समजावी. ९ फेब्रुवारीला संध्याकाळी ५ पर्यंत बेड रिकामा करून चावी देईन. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या १०,००० रुपये डिपॉझिटमधून ९ तारखेपर्यंतचं भाडं आणि वीज वजा करून बाकी रक्कम, ज्या नंबरवरून भरली होती त्याच नंबरवर परत करावी. नोटीस मिळाली एवढं कळवा."

शेवटचं वाक्य गाळू नका. "ठीक आहे बेटा" एवढं उत्तर आलं तरी नोटीस पोचली हे सिद्ध होतं. दोन दिवसांत काहीच उत्तर नाही आलं, तर हाच मजकूर कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती व ट्रॅकिंगचं पान जपून ठेवा.

दिवस कसे मोजायचे आणि हिशेब कसा करायचा? एक उदाहरण दाखवा.

प्रतापनगरमधलं तिघींच्या रूमचं पीजी घेऊ. मेससह भाडं महिना ७,००० रुपये, डिपॉझिट १०,०००. मुलगी १ जुलैला आली, जानेवारीचं भाडं भरलेलं आहे. वरची नोटीस तिने १० जानेवारीला दिली.

नोटीस दिली तो दिवस मोजायचा नाही. ११ जानेवारी हा पहिला दिवस. ३१ जानेवारीपर्यंत २१ दिवस होतात, उरलेले ९ फेब्रुवारीत. म्हणजे तिची जबाबदारी ९ फेब्रुवारीपर्यंत. फेब्रुवारी २८ दिवसांचा असेल तर रोजचं भाडं ७,००० भागिले २८, म्हणजे २५० रुपये. नऊ दिवसांचे २,२५० रुपये.

आता वीज. रूमच्या सब-मीटरवर १ फेब्रुवारीला १८४२ होतं, ९ तारखेला १८७८. वापर ३६ युनिट. मालकाचा दर युनिटला १२ रुपये, म्हणजे ४३२ रुपये आणि तिघींत वाटून तिच्या वाट्याला १४४. एकूण वजावट २,२५० अधिक १४४, म्हणजे २,३९४ रुपये. परत मिळायला हवेत ७,६०६ रुपये.

मालकांनी मात्र चिठ्ठीवर असं लिहून दिलं: फेब्रुवारीचं पूर्ण भाडं ७,०००, रंग १,५००, सफाई ५००, वीज १४४. एकूण ९,१४४. हातात ८५६ रुपये. अशा चिठ्ठीवर भांडण सुरू झालं की सगळे रंग आणि सफाईवर तुटून पडतात. खरा आकडा वरच्या ओळीत असतो: पूर्ण भाडं की नऊ दिवसांचं?

त्याचं उत्तर फॉर्ममध्ये आहे. फॉर्ममध्ये फक्त "३० दिवस" असेल तर मुलीचा हिशेब बरोबर. फॉर्ममध्ये "नोटीस पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून धरली जाईल" असं स्पष्ट असेल तर तिला २८ फेब्रुवारीपर्यंतचे ७,००० द्यावे लागतील आणि रंग-सफाई बाजूला काढली तरी परत मिळतील २,८५६ रुपये. फरक ४,७५० रुपयांचा. हीच नोटीस तिने ३१ डिसेंबरला दिली असती तर जानेवारी महिना नोटिशीत गेला असता आणि ३१ जानेवारीलाच ती मोकळी झाली असती. अशी अट असेल तर नोकरीचं पत्र हातात येण्याची वाट बघायची की महिना संपायच्या आत कळवायचं, हा निर्णय ३० तारखेला घ्या, पाच तारखेला नाही.

महिन्याचं पूर्ण भाडं भरावं लागलं, पण मी ९ तारखेलाच गेले. मग?

मग २८ तारखेपर्यंत बेड तुमचा. चावी लगेच देऊन टाकू नका, आधी बोलणी करा. दोन मागण्या वाजवी आहेत. एक, न खाल्लेल्या मेसचे पैसे वजा करावेत. भाडं आणि मेस यांचे आकडे फॉर्ममध्ये वेगळे लिहिलेले असतील तर हे सोपं जातं. एकत्र आकडा असेल तर मालकाच्या मर्जीवर आहे. दुसरी, त्याच बेडवर मध्येच नवी मुलगी आली तर त्या दिवसापासूनचं भाडं परत मिळावं. एकाच बेडचे एकाच दिवसाचे दोघींकडून पैसे घेतले तर मालकाचं नुकसान कसलं झालं? म्हणून तुमच्या जागी कोणी येणार असेल तर तिचा नंबर मालकांना मेसेजवर पाठवा, तोंडी नको. जून-जुलैत बेड चार दिवसांत भरतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये नाही. त्या काळात मालक घासाघीस करतात त्यामागे हेही कारण असतं.

फॉर्ममध्ये "सहा महिन्यांच्या आत सोडल्यास डिपॉझिट बुडीत" असं आहे. सही केली म्हणजे संपलं का?

पूर्ण संपलं नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करार मोडल्याबद्दल रक्कम आधीच लिहून ठेवली असली तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात अनामत जप्तीबद्दल हेच स्पष्ट केलं: नुकसान झालेलंच नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही.

शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये "अनुचित करार" ही संकल्पना आहे. नुकसानीच्या मानाने अगदी अवाच्या सवा दंड लावणारी अट त्यात मोडते, बेसुमार डिपॉझिट मागणंही मोडतं.

पण याचा अर्थ लॉक-इन, म्हणजे किमान महिने राहण्याची अट, हा नुसता कागद असाही काढू नका. जुलैत तुमच्यासाठी बेड अडवला, दुसऱ्यांना नाही म्हटलं आणि तुम्ही ऑक्टोबरमध्ये गेलात तर मालकाचा बेड खरोखर महिना-दीड महिना रिकामा राहू शकतो. तेवढं नुकसान ते मागू शकतात. कलम ७४ चा आधार घेऊन पूर्ण रक्कम मागण्यापेक्षा "बेड किती दिवस रिकामा राहिला ते सांगा, तेवढं कापा" असं म्हणणं जास्त टिकतं आणि बरेचदा दोन फोनमध्ये मिटतं.

रंग, सफाई, गादी, कूलर: यातलं काय कापता येतं?

तुमच्या हातून तुटलं, हरवलं, जळलं ते. रोजच्या वापराने झिजलं ते नाही. वर्षाने भिंत थोडी मळणारच आणि रंगकाम हा मालकाचा खर्च. गादीवर इस्त्रीचा डाग पडला, कपाटाची चावी हरवली, तर कापू द्या, फक्त दुकानाच्या बिलाप्रमाणे. "ठरावीक सफाई खर्च ५०० रुपये" असं फॉर्ममध्ये आधीच लिहिलेलं असेल तर ते देऊन मोकळं व्हा, पाचशेसाठी सात हजारांची बोलणी अडकवू नका.

नागपुरात एक खास प्रकार म्हणजे कूलरचा. मार्चपासून खिडकीत कूलर बसतो. बोअरचं पाणी जड असेल तर खिडकीखालच्या भिंतीवर पांढरे क्षार येतात, ओल चढते, प्लास्टर फुगतं. जुलैत सोडणाऱ्यांच्या डिपॉझिटमधून याचे पैसे कापले जातात. कूलर मालकाचा आणि त्यांनीच बसवलेला असेल तर ती ओल तुमची नाही. स्वतःचा कूलर लावला असेल आणि टाकी गळत राहिली असेल तर मात्र वाद कमकुवत होतो. यावर उपाय एकच, कूलर बसवायच्या दिवशी त्या भिंतीचा फोटो. आणि कूलरचं वेगळं भाडं पूर्ण उन्हाळ्याचं एकरकमी घेतलं असेल, तर मे महिन्यात सोडताना ते उरलेल्या दिवसांप्रमाणे परत मागून बघा. फॉर्ममध्ये "परत मिळणार नाही" असं नसेल तर मागण्यात काहीच चूक नाही.

शेवटचा महिना "डिपॉझिटमधून कापा" म्हणून भाडं थांबवलं तर?

पैसे अडकू नयेत म्हणून पोरं हा मार्ग सर्रास काढतात आणि खरं सांगायचं तर तो बऱ्याचदा चालतोही. पण मालकाची लेखी संमती नसेल तर करार आधी तुम्ही मोडलात असं होतं. मग मेस बंद, वाय-फाय बंद, उशीर झाल्याचा दंड, असं सुरू होतं. नोटिशीच्या मेसेजमध्येच विचारा: "फेब्रुवारीचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून बाकी परत कराल का?" हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले तर भाडं वेळेवर भरा आणि भरताना यूपीआयच्या नोंदीत "फेब्रुवारी भाडं, १ ते ९" असं लिहा.

रूम सोडायच्या दिवशी नेमकं काय करायचं?

सामान बाहेर काढल्यावर, पण चावी देण्याआधी, एक सलग व्हिडिओ काढा. दारावरच्या रूम नंबरपासून सुरू करा, मग गादी उचलून खालची बाजू, कपाट उघडून आतले कप्पे, स्विचबोर्ड, पंखा चालू करून, बाथरूमचा नळ, खिडकीची काच आणि शेवटी सब-मीटरचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून. पाच मिनिटं लागतात. सब-मीटर जिन्याखाली कुलपात असेल तर वॉर्डनला उघडायला लावा. रीडिंग तुमच्यासमोर झालं नाही की मागून गेलेल्या पूर्ण महिन्याचं बिल तुमच्या नावावर निघतं.

चावी हातात देताना मेसेज टाका: "आज ९ फेब्रुवारी, ४.४० ला रूम २०४ ची चावी व ओळखपत्र वॉर्डन ताईंकडे दिलं. मीटर १८७८." ही ओळ म्हणजे तुमची ताबा दिल्याची पावती. रजिस्टर असेल तर त्यात सही करून त्या पानाचा फोटो घ्या. मात्र "हिशेब पूर्ण, काही येणं नाही" असं छापलेल्या कागदावर पैसे खात्यात येईपर्यंत सही करू नका. सही केल्याशिवाय सामान नेऊ देत नसतील तर सहीखाली "डिपॉझिट ७,६०६ रु. येणे बाकी" असं हाताने लिहा.

सामान किंवा मूळ मार्कशीट अडवून ठेवली तर?

तेव्हा हा विषय डिपॉझिटचा राहत नाही. ११२ ला फोन करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. नुसत्या डिपॉझिटसाठी मात्र ठाण्यात गेलात तर "हा दिवाणी वाद आहे" असं ऐकून परत याल आणि ते चुकीचं सांगत नसतात.

"पंधरा दिवसांत देतो" म्हणून दोन महिने झाले. आता?

"देतो" म्हणणाऱ्याला फोन करत राहण्याने काही होत नाही. एक मागणीपत्र पाठवा, मेसेजवर आणि स्पीड पोस्टाने, दोन्ही. त्यात प्रवेशाची आणि सोडल्याची तारीख, डिपॉझिट कसं भरलं, वरच्यासारखा ओळीओळीने हिशेब, परत करायची रक्कम आणि १५ दिवसांची मुदत, एवढंच लिहा. "तुम्हाला बघून घेईन", "गूगलवर एक स्टार देईन" असलं काही नको. हेच पत्र उद्या ग्राहक आयोगासमोर जाणार आहे.

मुदत संपली की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार समोरच्याकडे पाठवून मिटवायचा प्रयत्न करते. कंपनीच्या पीजीवर याचा परिणाम होतो. घराच्या वरच्या मजल्यावर आठ बेड चालवणाऱ्या काकांवर फारसा होत नाही.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. कायद्यातल्या "सेवा" या शब्दाच्या व्याख्येत राहण्या-जेवण्याची सोय स्पष्टपणे आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि अर्ज e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन करता येतो. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही दाखल होते. गोंदियाला घरी परत गेला असाल तर गोंदियात करा, त्यासाठी नागपूरच्या चकरा नकोत. मुदत दोन वर्षांची, वादाचं कारण घडल्यापासून. डिपॉझिट वडिलांच्या खात्यातून गेलं असेल तर बँकेचा उतारा जोडा. वडिलांच्या संमतीने सेवा वापरणारा मुलगाही कायद्याने ग्राहकच असतो.

सात हजारांसाठी आयोगापर्यंत जावं का? निकालाला वेळ लागतो हे खरं. पण नीट तारखा घातलेलं मागणीपत्र पोचलं की बऱ्याच मालकांचा सूर बदलतो, कारण त्यांनाही तारखेला उभं राहायचं नसतं.

घरभाडे कायदा लागू होतो का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधल्या परवानाधारकाच्या व्याख्येतून पेइंग गेस्ट आणि हॉस्टेलमध्ये राहणारे वगळलेले आहेत. त्यामुळे "आम्ही भाडेकरू आहोत" या जोरावर भांडू नका, करार कायदा आणि ग्राहक कायदा जास्त उपयोगी आहे. चार मित्रांनी मनीषनगरात मिळून अख्खा फ्लॅट घेतला असेल तर ती गोष्ट वेगळी. तो लीव्ह अँड लायसन्स करार असतो आणि याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणी करणं मालकाची जबाबदारी. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. फ्लॅटमधून एकटाच बाहेर पडत असेल तर डिपॉझिट सहसा मालकाकडून नाही, जागी येणाऱ्या मित्राकडून मिळतं. ते झाल्याचा एक मेसेज मालकांनाही टाका.

आणि कॉलेजचं वसतिगृह?

तिथे भाडं वर्षाचं असतं आणि मध्येच सोडल्यास ते परत मिळेल की नाही हे माहितीपत्रकावर अवलंबून. अनामत रक्कम मात्र वेगळी असते. ती मिळवायला रेक्टर, मेस, ग्रंथालय आणि लेखा विभाग यांच्या सह्यांचं "नो ड्यूज" पूर्ण लागतं. मेसची सही सगळ्यात उशिरा मिळते, म्हणून सुरुवात तिथून करा. मूळ पावती हरवली असेल तर लेखा विभागात त्याच दिवशी अर्ज द्या, नाहीतर त्या एका कागदासाठी परत नागपूरला यावं लागेल.